पाकिटावरची छपाई आणि आतली गोळी

"वडिलांना अ‍ॅसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोल ४० ची गोळी चालू आहे. या महिन्यात पंचवटीतल्या नेहमीच्याच मेडिकलमधून आणलेल्या पाकिटावरची अक्षरं पुसट आहेत, निळा रंग फिका आहे आणि मागच्या बारीक मजकुरात एक स्पेलिंग चुकलेलं दिसतंय. दुकानदार म्हणतो कंपनीने प्रिंट बदललाय. औषध बनावट आहे का हे पाकिटावरून ओळखता येतं का? घरी गोळी तपासायची काही पद्धत आहे का?"

मी नाशिकमधल्या सातपूर आणि अंबडच्या औषध कारखान्यांत पॅकिंग आणि क्वालिटी विभागांत मिळून सव्वीस वर्षं काढली. त्यामुळे गोळीइतकाच फॉइलचाही माझा संबंध आला. तुम्ही सांगितलेल्या तीन खुणांपैकी दोन जवळपास निरुपयोगी आहेत आणि तिसरी कामाची आहे, पण ती नीट वाचावी लागते.

आधी फॉइल तयार कसं होतं ते पाहू. गोळ्यांच्या कारखान्यात फॉइल छापत नाहीत. वीस-पंचवीस मायक्रॉन जाडीचं अ‍ॅल्युमिनियम फॉइल दुसऱ्या कंपनीत मोठ्या सिलिंडरवर छापलं जातं आणि रोल होऊन येतं. औषधाचं नाव, घटक, पत्ता, लाल रेघ हा कायमचा मजकूर त्यावर तेव्हाच असतो. बॅच नंबर, उत्पादनाचा महिना, एक्स्पायरी आणि किंमत मात्र आमच्या पॅकिंग लाइनवर, गोळ्या भरत असताना पडतात. म्हणजे एका पाकिटावर दोन वेगवेगळ्या छपाया असतात, दोन ठिकाणच्या, दोन शाईंच्या. भिंग घ्या, किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन मोठं करून बघा. कायमच्या मजकुराच्या अक्षरांच्या कडा किंचित करवतीसारख्या दिसतील, कारण सिलिंडरवर शाई बारीक खळग्यांत भरलेली असते. बॅचचे आकडे बहुतेक वेळा ठिपक्याठिपक्यांचे असतात, किंवा रबरी ठशाचे, किंवा नुसतेच दाबून उठवलेले. दोन्ही मजकूर अगदी एकाच जातीचे, एकाच शाईचे, एका रेषेत चपखल बसलेले दिसले तर माझे कान टवकारतात. बॅच नंबरसकट सिलिंडर कोरून घेणाऱ्याला एकच बॅच पुन्हा पुन्हा छापायची असते.

आता फिका रंग. प्रत्येक कंपनीकडे फॉइलचं शेड कार्ड असतं: फिकट, प्रमाण आणि गडद. फिकट आणि गडद यांच्यामध्ये जे बसेल ते आम्ही स्वीकारत असू. त्यातून एका औषधाला दोन-तीन फॉइल पुरवठादार असतात. दोन पाकिटं शेजारी ठेवली तर एक बहीण गोरी आणि एक सावळी दिसणारच. पुसट अक्षरांचंही तेच. सिलिंडर झिजला की बारीक अक्षरं भरून येतात किंवा तुटतात, आणि असा माल कधीकधी आमच्या नजरेतून सुटतो. पाकिटाच्या कडेला अर्धवट कापलेलं नाव पाहून घाबरणारेही पुष्कळ भेटतात. बऱ्याच फॉइलवर मजकूर सलग फिरत जातो आणि मशीन कुठेही कापतं, त्यामुळे अस्सल पाकिटावरही "प्राझोल" एकीकडे आणि "पॅन्टो" दुसरीकडे जातं. सॅनिटायझर लावल्यावर बॅच नंबर पुसला गेला, म्हणून औषध खोटं, असंही एकाने मला ठासून सांगितलं होतं. लाइनवरची ती शाई अल्कोहोलने सुटते, अस्सल पाकिटावरचीसुद्धा.

स्पेलिंगची गोष्ट वेगळी. कंपनीचा मजकूर चार-पाच सह्या होऊन छपाईला जातो. तरी चुका होतात. माझ्या स्वतःच्या सहीखालून एक स्वल्पविराम चुकीच्या जागी गेला होता आणि त्याची आठवण अजून खुपते. पण कारखान्यातल्या माणसाची चूक आणि नकलाकाराची चूक यांची जात निराळी असते. नकलाकाराकडे मूळ फाइल नसते. तो पाकिटाचा फोटो बघून मजकूर पुन्हा टाइप करतो. मोठं नाव तो बरोबर उतरवतो, कारण तेवढंच गिऱ्हाईक वाचतं. चुका होतात त्या सर्वांत बारीक मजकुरात, म्हणजे घटकांची यादी, रंगद्रव्याचं नाव, साठवणुकीची सूचना, पत्ता. बारीक इंग्रजी छपाईत "आर" आणि "एन" चिकटून "एम" वाटतात, शून्याचा "ओ" होतो, "आय" आणि "एल" एकमेकांच्या जागी जातात. चूक अशी असेल, की डोळ्यांनी वाचताना फसगत झाल्यामुळेच ती होऊ शकते, तर ती गंभीर. "टॅब्लेट्स"मधला एक "टी" दुप्पट झाला असेल तर ती बोटांची चूक आहे, ती कोणाचीही होऊ शकते.

बारीक मजकुरात आणखी एक जागा मी नेहमी तपासतो, ती म्हणजे पत्त्याचा पिन कोड आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक. हिमाचलमधल्या बद्दीचा पिन १७३२०५ आहे, आपल्या सातपूरचा ४२२००७. पत्ता बद्दीचा आणि पिन चारने सुरू होणारा, असं दिसलं तर ते पाकीट बाजूला ठेवायचं. परवाना क्रमांकातल्या अक्षरांवरूनही बहुधा राज्य कळतं. गुजरातचा क्रमांक "जी"ने सुरू होतो. उत्पादनाचा पत्ता एका राज्यातला आणि परवाना दुसऱ्या राज्याचा, असं अस्सल पाकिटावर होत नाही.

आता मी हाताळलेलं एक प्रकरण सांगतो, कारण ते तुमच्याच औषधाचं आहे.

इंदिरानगरला मेडिकल चालवणारा माझा एक मित्र एके दिवशी पॅन्टोप्राझोलची दोन पाकिटं घेऊन आला. ब्रँड एकच. पहिलं पाकीट बघवत नव्हतं: निळा रंग फिका, लाल रेघ मजकुरावर सरकलेली, आणि एका रंगद्रव्याच्या नावात एक अक्षर जास्त. दुसरं पाकीट देखणं होतं, आरशासारखं. पहिलं त्याने गोळे कॉलनीतल्या नेहमीच्या ठोक विक्रेत्याकडून घेतलं होतं, बिलावर बॅच नंबर होता. दुसरा माल परजिल्ह्यातल्या एका विक्रेत्याने जादा सवलतीत दिला होता. त्याचंही बिल होतं, पण बॅचच्या रकान्यात काहीच नव्हतं. मित्राला संशय पहिल्याचा होता.

आम्ही दोन्ही पाकिटांचे पुढून-मागून फोटो काढून कंपनीला पाठवले. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. "ही बॅच तुमची आहे का" एवढंच विचारलं तर उत्तर जवळजवळ नेहमी "हो" येतं, कारण नकलाकार बाजारातल्या खऱ्या पाकिटावरचाच नंबर उचलतो. म्हणून आम्ही तीन गोष्टी विचारल्या. या बॅचची उत्पादन आणि एक्स्पायरीची तारीख तुमच्या नोंदीत हीच आहे का? ती याच आकाराच्या पाकिटात, याच मजकुराच्या फॉइलवर भरली होती का? आणि ती महाराष्ट्रात पाठवली होती का?

बारा दिवसांनी उत्तर आलं. कुरूप पाकीट अस्सल होतं. कंपनीने फॉइलचा पुरवठादार बदलला होता, नव्या मजकुरात खरोखरच एक अक्षर जास्त पडलं होतं आणि ते पुढच्या छपाईत दुरुस्त झालं होतं. देखण्या पाकिटावरची बॅच खरी होती, तारखाही जुळत होत्या, फक्त ती संपूर्ण बॅच पंधरा गोळ्यांच्या पाकिटात भरली गेली होती. आमच्या हातातलं पाकीट दहाचं होतं. कंपनीने प्रत्येक बॅचची जी कंट्रोल सॅम्पल कायद्याने जपून ठेवावी लागतात, त्यांच्याशी फोटो ताडून पाहिले, तर सीलच्या जागेवरची नक्षीही वेगळी निघाली. फॉइल आणि प्लास्टिक चिकटवणाऱ्या रोलरवर बारीक खाचा असतात. कंपनीच्या मशीनच्या चौकटीसारख्या, या पाकिटावर ठिपक्यांसारख्या. छपाईची नक्कल करणं सोपं असतं, रोलरकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. दोन पाकिटं ताडायची वेळ आली तर मी आधी ती नक्षी बघतो.

मित्राने लगेच अन्न व औषध प्रशासनाला कळवलं. औषध निरीक्षकांनी दुकानात येऊन उरलेल्या पाकिटांचा नमुना रीतसर घेतला. दुकानातून घेतलेल्या नमुन्याचे चार भाग करून सील करतात: एक दुकानदाराला, एक शासकीय विश्लेषकाकडे, एक न्यायालयासाठी आणि एक दुकानदाराने ज्याच्याकडून माल घेतल्याचं सांगितलं त्याला. पुढे न्यायालयात उभं राहायचं ते या सीलबंद नमुन्यावर आणि विश्लेषकाच्या अहवालावर. माझ्या भिंगाला तिथे किंमत नाही, आणि ती नसावीच.

अहवालाने मला जरा गप्प केलं. माझी अपेक्षा होती की गोळीत खडू किंवा स्टार्च निघेल. पण गोळीत पॅन्टोप्राझोल होतं, आणि लेबलवर लिहिलेल्याच्या ९८ टक्के. नुसतं औषधाचं प्रमाण मोजून कोणी थांबलं असतं, तर गोळी पास झाली असती.

ती नापास झाली ती विरघळण्याच्या चाचणीत. पॅन्टोप्राझोल आम्लात टिकत नाही. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की ते काही मिनिटांतच नासायला लागतं. म्हणून गोळीवर असा लेप असतो, जो पोटात टिकतो आणि आतड्यात गेल्यावर सुटतो. चाचणी त्याच क्रमाने होते. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात दोन तास. त्यात गोळी जवळजवळ जशीच्या तशी राहायला हवी. मग तीच गोळी ६.८ पीएचच्या द्रावणात. तिथे ती सुटून औषध बाहेर पडायला हवं. या गोळ्या आम्लातच फुगल्या, फुटल्या आणि द्रावण पिवळसर-तपकिरी झालं. नकलाकाराने साधा रंगीत लेप दिला होता. पाकीट नामांकित, आत औषधही आहे, पण पोटात पोचल्यावर त्यातलं बहुतेक वाया. असा रुग्ण डॉक्टरांना सांगतो, गोळी घेऊनही जळजळ होते, आणि डॉक्टर डोस वाढवतात.

फॉइलवरून हे कसं कळणार होतं?

आता उलट बाजू. २०१४ ते २०१६ दरम्यान केंद्र सरकारने देशभरातून सुमारे सत्तेचाळीस हजार औषधांचे नमुने तपासले. त्यात प्रमाणित दर्जाची नसलेली औषधं निघाली ३.१६ टक्के, आणि बनावट ०.०२४५ टक्के. म्हणजे एका बनावट नमुन्यामागे निकृष्ट निघालेले सव्वाशेच्या वर. हे निकृष्ट औषध बहुतांशी परवानाधारक कारखान्यातलं असतं, त्यावरचं फॉइल अस्सल, स्पेलिंग अचूक, बॅच खरी. गोळी विरघळत नाही, किंवा औषध कमी आहे, किंवा गोदामातल्या उकाड्यात नासलंय. पाकीट बघून "अस्सल आहे" असा निर्वाळा मिळाला, तरी या गटातलं एकही पाकीट त्यात पकडलं जात नाही.

आणि पाकीट बघून काही वाटलं नाही तरी काय होऊ शकतं, ते नागपूरने पाहिलं. कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयातून २०२३ मध्ये घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांत औषध सापडलंच नाही. तपासात लेबलवरची कंपनीच अस्तित्वात नसल्याचं समोर आलं, आणि २०२४ च्या आरोपपत्रात पोलिसांनी गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचं म्हटलं. तिथे कोणाची नक्कल करायची नव्हती, त्यामुळे ताडून पाहायला अस्सल पाकीटच नव्हतं. सरकारी पुरवठ्याच्या साखळीतून गोळ्या वॉर्डापर्यंत पोचल्या, आणि पकडल्या गेल्या त्या प्रयोगशाळेत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. घरी तपासायची पद्धत म्हणून गोळीवर आयोडीन टाकून बघायचा व्हिडिओ फिरतो: निळं झालं तर स्टार्च, म्हणजे खोटी. अस्सल गोळ्यांतही स्टार्च असतं. गोळी बांधायला आणि ती पाण्यात फुटावी म्हणून आम्हीच ते घालत असू. पाण्यात टाकून किती वेळात विरघळते हे बघणंही तुमच्या औषधाबाबत फसवं आहे, कारण नीट लेप असलेली गोळी पाण्यात उशिरा सुटणं हा तिचा गुण आहे. चव घेऊ नका, चुरा करू नका. आणि रुग्णाला बरं वाटतंय हाही पुरावा नाही. आग्नेय आशियात पकडलेल्या मलेरियाच्या काही खोट्या गोळ्यांत पॅरासिटामॉल होतं. ताप उतरायचा, मलेरिया तसाच राहायचा.

पाकिटावरच्या चौकोनी कोडवरही फार भिस्त ठेवू नका. ठरावीक तीनशे ब्रँडवर १ ऑगस्ट २०२३ पासून तो सक्तीचा आहे, पण स्कॅन केल्यावर दिसतो तो बराचसा पाकिटावर छापलेलाच मजकूर. कोडचा फोटो काढून जसाच्या तसा छापला तर तोही तेच दाखवतो. एका वेळी मात्र तो उपयोगी पडतो: कोडमधली बॅच आणि पाकिटावरची बॅच वेगळी निघाली तर.

असा फरक पडतो तो बहुधा तारीख बदललेल्या मालात. हा प्रकार मला नकलेपेक्षा जास्त सतावतो, कारण फॉइल खरं, गोळी खरी, फक्त एक्स्पायरी खोटी. मुदत संपलेल्या पाकिटावरची लाइनची शाई थिनरने पुसतात आणि नवा ठसा मारतात. पाकीट उजेडात तिरकं धरा. बॅचच्या पट्टीभोवतीची चमक मेलेली दिसते, कायमच्या मजकुरातलं एखादं अक्षर अर्धवट पुसलेलं असतं, आणि कधीकधी जुन्या आकड्याची सावली नव्याच्या मागे उभी असते. उत्पादन आणि एक्स्पायरीतलं अंतर त्याच ब्रँडच्या जुन्या पाकिटाशी ताडा. कंपनी एखाद्या गोळीला २४ महिने देत असेल तर एकाएकी ३१ महिने देणार नाही.

आता तुमच्या हातातल्या पाकिटाचं काय करायचं. चुकलेलं अक्षर नेमकं कुठलं, ते वर सांगितलं तसं वाचा. बॅच नंबर असलेला तुकडा फाडू नका. मेडिकलवाले सुट्या गोळ्या कापून देतात तेव्हा तो तुकडा दुकानात राहतो आणि मग शोध तिथेच संपतो. बिल मागून घ्या. त्यावर बॅच नंबर असायला हवा. दुकानदाराला त्याच बॅचचं ठोक विक्रेत्याचं बिल दाखवायला सांगा. तो चिडला तर चिडू दे, माझा मित्रही आधी चिडला होता. मग कंपनीला ते तीन प्रश्न, फोटोंसह. शिवाय केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला नापास नमुन्यांची यादी बॅच नंबरासह काढते. त्यात तुमची बॅच शोधा, पण ती नाही सापडली तर त्याचा अर्थ फक्त एवढाच, की तिचा नमुना नापास झाल्याची नोंद नाही.

कंपनीचं उत्तर खटकलं तर प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात किंवा १८००२२२३६५ या क्रमांकावर कळवा. औषध कायद्याच्या कलम २६ खाली ग्राहकालाही फी भरून शासकीय विश्लेषकाकडून औषध तपासून घेता येतं. त्यासाठीचा अर्ज म्हणजे नमुना १४-अ. अडचण गोळ्यांच्या संख्येची येते. विरघळण्याच्या चाचणीला पहिल्याच फेरीत सहा गोळ्या लागतात, वजनाच्या तपासणीला वीस, आणि औषधाचं प्रमाण काढायला बहुधा वीस गोळ्यांचा चुरा करतात. तुमच्याकडच्या पाकिटातल्या उरलेल्या सात-आठ गोळ्यांत सगळं बसणार नाही. म्हणून निरीक्षकांनी दुकानातूनच नमुना घेणं जास्त उपयोगाचं, आणि त्यासाठी तक्रार दुकानातला माल संपायच्या आत पोचायला हवी.

निकाल यायला आठवडे, कधी महिने जातात. तोवर वडिलांची गोळी बंद करू नका. दुसऱ्या बॅचचं पाकीट दुसऱ्या दुकानातून बिलासह घ्या, आणि गेल्या काही आठवड्यांत त्यांची जळजळ वाढली होती का हे डॉक्टरांना जरूर सांगा. संशयातलं पाकीट कोरड्या डब्यात, बिलासकट, स्वयंपाकघरापासून दूर ठेवा. उन्हाळ्यात गॅसजवळ ठेवलेल्या गोळीचा अहवाल खराब आला, तर दोष कोणाचा हे प्रयोगशाळेलाही सांगता येत नाही.